माहेरच्या संमेलनाला नाही म्हणताना

बाबा 2016 साली गेले. त्यांच्या वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी, पंगतीची भांडी अजून मागीलदारी पालथी घातलेली असताना, मोठ्या भावाने माझ्यापुढे हक्कसोडपत्राचा मसुदा ठेवला. मी म्हटलं, "वाचते आणि मग सांगते." त्यावर पडवीत, काका, आत्या आणि शेजारची दोन माणसं बसलेली असताना, जे बोलणं झालं ते मी पुन्हा कुणाला सांगितलेलं नाही आणि इथेही सांगणार नाही. सही मी केली नाही. घर आणि कलमांची जमीन अजून सामाईक आहे, सातबाऱ्यावर बाकीच्या वारसांबरोबर माझंही नाव आहे, कोर्टात कुणी गेलेलं नाही. भांडण मिटलेलं नाही आणि पेटलेलंही नाही.

गेल्या मे महिन्यात धाकट्या चुलतभावाने चार पिढ्यांचं संमेलन ठरवलं. देवरुखजवळचं आमचं मूळ घर, शनिवार-रविवारचा मुक्काम, साठेक माणसं, रविवारी सकाळी ग्रामदेवीला अभिषेक आणि दुपारी कुलवृत्तांताची पुस्तिका. बोलावणं मनापासून होतं. पण तीच पडवी, तीच माणसं आणि दोन दिवस भावासमोर बसणं मला झेपणारं नव्हतं. मला नाही म्हणायचं होतं, आणि माझ्या 'नाही'वरून 2017 सालची ती दुपार पुन्हा कुणाच्या तोंडी येऊ द्यायची नव्हती.

या जागी तुम्ही पहिल्यांदाच उभे असाल तर मी काय केलं आणि त्याआधी एकदा काय चुकलं, ते क्रमाने सांगते.

नकार नेमका कशाला, ते आधी ठरवा

संमेलन म्हणजे एक गोष्ट नसते. त्यात मुक्काम असतो, देवाचं असतं, पंगत असते, फोटो असतो, वर्गणी असते, पुस्तिकेतली माहिती असते, मुलांची एकमेकांशी भेट असते. यातलं तुम्हाला काय सोसत नाही, हे कागदावर लिहून काढा. मी लिहिलं तेव्हा लक्षात आलं की मला नको होते ते फक्त त्या घरातले दोन दिवस. आई हवी होती, चुलतभाऊ हवा होता, पुस्तिकेत आमच्या घराचं पान हवं होतं, आणि लेकीला मामेभावंडांना भेटायचं असेल तर तिने जावं असंच वाटत होतं. हे आधी स्पष्ट झालं म्हणून पुढचं सगळं सोपं गेलं. जे नको तेवढंच नाकारलं, बाकीचं जागच्या जागी राहिलं.

अर्धं जाणं हा पर्यायही इथेच तपासून बघा. रत्नागिरी किंवा चिपळूणला राहणाऱ्या माणसाला रविवारी सकाळी थेट देवळात जाऊन, अभिषेक झाल्यावर काकांच्या पाया पडून निघता येतं. देऊळ हे घर नव्हे, तिथे कुणाच्या उंबरठ्याचा प्रश्न येत नाही. मला डोंबिवलीहून ते शक्य नव्हतं. अर्धं जायचं की नाही याची माझी कसोटी एकच आहे: मनात येईल त्या क्षणी, कुणाला न विचारता, स्वतःच्या वाहनाने तुम्हाला निघता येईल का? येत असेल तर विचार करा. संध्याकाळची एसटी धरायची असेल किंवा दुसऱ्याच्या गाडीत जागा मिळाली असेल तर अर्धं जाणं पूर्ण जाण्यापेक्षा अवघड पडतं, कारण नको तो विषय बहुतेक दुपारच्या जेवणानंतर, सगळे सुस्तावलेले असताना निघतो.

"बघते, जमलं तर येते" म्हणू नका

माझी चूक इथे झाली होती, म्हणून याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

2018 साली गणपतीत गौरीच्या जेवणाला बोलावणं आलं. जायचं नाही हे मला पहिल्याच क्षणी ठाऊक होतं. तरी फोनवर मी म्हणाले, "बघते गं, जमलं तर येते." आपल्याकडे याचा अर्थ 'नाही' असा होतो, असं मी धरून चालले होते. आपल्याकडे याचा अर्थ 'हो'ही होतो. ऐकणाऱ्याला जे हवं असेल ते तो त्यातून ऐकतो. आईने ऐकलं की मी येणार आहे. माझ्या नावाचं पान मांडलं गेलं. दुपारी अडीचपर्यंत आई दर गाडीच्या आवाजाला फाटकाकडे जात होती, असं मला नंतर कळलं. शेवटी ते पान उचलताना कुणीतरी म्हणालं, "का बरं आली नसेल?" आणि त्या प्रश्नाला उत्तर द्यायला सगळे बसले. कुणी भावाची बाजू घेतली, कुणी माझी. वर्षभर कुणी न काढलेला विषय गौरीच्या दिवशी तासभर चालला.

भांडण माझ्या न जाण्याने उकरलं गेलं नाही. ते रिकाम्या पानामुळे उकरलं गेलं. आधी स्पष्ट कळवलं असतं तर ते पान मांडलंच गेलं नसतं आणि "का आली नाही" असा प्रश्न पंगतीत कुणाला पडला नसता. म्हणून जिथे जुना वाद आहे तिथे मोघम उत्तर हे सभ्य उत्तर नव्हे. तुमच्या मोघमपणाचा अर्थ लावण्याचं काम तुम्ही नसताना इतरांवर पडतं, आणि अर्थ लावायला त्यांच्याजवळ तो जुना वादच असतो.

तितकंच टोकाचं दुसरं वाक्य म्हणजे "मी येणार नाही." व्याकरणाने ते बरोबर आहे, पण कानाला ती शपथ वाटते. ऐकणारा लगेच विचारतो, "का? काय झालं?" त्याऐवजी "माझं येणं होणार नाही" म्हणा. अर्थ तितकाच ठाम, पण त्यात 'मी' पुढे येऊन उभी राहत नाही. "जमणार नाही"ही चालतं, फक्त त्यानंतर "काय अडचण आहे, आपण सोडवू" असं ऐकायची तयारी ठेवा. जमण्याची अडचण सोडवता येते. होण्या-न होण्याची सहसा कुणी सोडवायला जात नाही. हा फरक लहान आहे, पण फोनवर तो दहा मिनिटं वाचवतो.

केव्हा कळवायचं

कोकणातल्या मे महिन्याच्या कार्यक्रमाचं खरं वेळापत्रक पत्रिका ठरवत नाही, रेल्वेचं आरक्षण ठरवतं. नोव्हेंबर 2024 पासून आरक्षण प्रवासाच्या 60 दिवस आधी उघडतं, आणि मे महिन्यातल्या कोकणच्या गाड्या उघडल्याबरोबर भरतात. मुंबई-ठाण्याकडचे नातेवाईक त्या सकाळी एकत्र बसून सगळ्यांची तिकिटं काढतात. तुम्ही त्याआधी बोलला नाहीत तर कुणीतरी प्रेमाने तुमचंही तिकीट काढून ठेवतं, आणि मग तुमचा नकार हा रद्द केलेल्या तिकिटाचा नकार होतो. त्यात पैसे आले, कुणाची तरी सकाळ आली, आणि "तिच्यासाठी एवढं केलं तरी" हे वाक्य आलं.

मी आरक्षण उघडायच्या आठवडाभर आधी कळवलं. तुमच्याकडे गाडीऐवजी कार्यालयाची अनामत असेल, केटररला द्यायचा आकडा असेल, खोल्यांची वाटणी असेल. संयोजकाचे तुमच्या नावावर पैसे पडण्याआधीचा दिवस शोधा आणि त्याच्या आत बोला. फार लवकरही नको. बोलावणं हाती येण्याआधीच "मला बोलावू नका" म्हणणं म्हणजे वाद आपणच काढणं. बोलावणं आल्यावर दोन-चार दिवस थांबलेलं बरं.

कुणाला आधी सांगायचं

आधी आईला, नंतर चुलतभावाला, ग्रुपवर सगळ्यात शेवटी, असा क्रम मी ठेवला.

ज्या माणसाला तुमचं न येणं सगळ्यात जास्त लागणार आहे, त्याला ते दुसऱ्याकडून कळता कामा नये. आईला मी फोन केला, दुपारी चार वाजता, जेव्हा ती एकटी चहा घेत असते. म्हटलं, "आई, संमेलनाला माझं येणं होणार नाही. तुला आधी सांगतेय. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी तुझ्याकडे येतेय, चार दिवस राहीन, तेव्हा दादा-वहिनी तिच्या माहेरी असतात." ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बरं. पण जूनला नक्की ये." आईला नकाराबरोबर एक तारीख मिळाली, ते महत्त्वाचं होतं. अशा वेळी पुढच्या भेटीचा दिवस सांगता येत नसेल तर फोन एक दिवस पुढे ढकला, आधी दिवस ठरवा.

चुलतभावाला त्याच संध्याकाळी फोन केला. इथे एक गोष्ट नीट ओळखावी लागते: बोलावणारा आणि ज्याच्याशी वाद आहे तो, ही दोन वेगळी माणसं आहेत. चुलतभावाने माझं काही वाकडं केलेलं नाही. तो सहा महिने सगळ्यांचे फोन नंबर गोळा करत होता. त्याला थंड आवाजात उत्तर देणं म्हणजे भावावरचा राग त्याच्यावर काढणं झालं असतं. बोलावणारा आणि वादातला माणूस एकच असेल तर मात्र फोन टाळा, लिहूनच कळवा. आवाजावर ताबा राहत नाही, आणि बोललेल्या शब्दाची प्रत्येकाजवळ वेगळी आठवण राहते.

ग्रुपवर मी आपणहून काही लिहिलं नाही. एप्रिलमध्ये आकडे मागितले तेव्हा, बाकीच्यांनी लिहिलं तसंच एका ओळीत लिहिलं: "आमच्याकडून एक, लेक येणार." ग्रुप सोडून जायचा विचार मनात आला असेल तर तो संमेलन होईपर्यंत लांबवा. व्हॉट्सॲपवर ग्रुप सोडला की हल्ली फक्त ॲडमिनला सूचना जाते, हे खरं आहे. पण गेल्या 60 दिवसांत कोण बाहेर पडलं याची यादी ग्रुपच्या माहितीत बाकीच्या सदस्यांनाही दिसते, आणि संमेलनाच्या गडबडीत कुणी ना कुणी ती उघडतंच. आवाज बंद करा, ग्रुप अर्काइव्हमध्ये टाका, तेवढं पुरतं.

कारणाचं काय करायचं

सगळ्यात जास्त अडतं ते इथे. खरं कारण सांगितलं तर वाद निघतो आणि खोटं सांगितलं तर ते उघडं पडतं.

खोट्याबद्दल आधी. आजारपण सांगितलंत तर रोज चौकशीचे फोन येतील आणि ठाण्याची मावशी डबा घेऊन दारात उभी राहील. मुलांची परीक्षा सांगितलीत तर मे महिन्यात परीक्षा कसली, हे प्रत्येकाला कळतं. ऑफिसचं काम सांगितलंत तर कुणाचा तरी मेव्हणा त्याच ऑफिसात असतो. सुतकाचं किंवा कुणाच्या दुखण्याचं निमित्त तर कधीच करू नका. खोटं उघडं पडलं की लोकांना खरं कारण शोधावंसं वाटतं, आणि ते शोधायला त्यांना फार लांब जावं लागत नाही.

मी ठरवलं की बहुतेकांना कारणच द्यायचं नाही. "येणं होणार नाही" यानंतर पूर्णविराम. हे आपल्याला फार जड वाटतं, कारण लहानपणापासून आपल्याला कारणासकट बोलायची सवय असते. पण तुम्ही कारण दिलं नाहीत तर शंभरातले बरेच लोक ते मागतही नाहीत. त्यांना साधारण अंदाज असतो आणि तो विषय त्यांनाही नकोच असतो. मागे लागतात ते दोघं-तिघं, आणि त्यांच्यासाठी वेगळी तयारी करता येते.

फक्त एका माणसाला खरं सांगा, आणि तो माणूस संयोजकच असेल तर उत्तम. चुलतभावाला मी म्हटलं, "तिथे दोन दिवस राहायची माझ्या मनाची तयारी अजून झालेली नाही. यात तुझं काही नाही, आणि यावर मला काही बोलायचं नाही." या तीन वाक्यांत भावाचं नाव नाही, जमिनीचं नाव नाही, कोण चुकलं हे नाही. माझ्या मनाबद्दल मी बोलले, दुसऱ्याच्या वागण्याबद्दल नाही. मनाच्या तयारीवर कुणी वाद घालू शकत नाही. "त्याने मला तसं बोलायला नको होतं" यावर मात्र साठ माणसं वाद घालू शकतात. चुलतभाऊ म्हणाला, "ताई, कळलं. कुणी विचारलं तर मी म्हणेन तिचं जमत नाहीये." मला त्याच्याकडून एवढंच हवं होतं, आणि ते मी न मागता त्याने दिलं.

लिहून काय पाठवायचं

फोननंतर त्याला मी हा मजकूर पाठवला:

"तू सगळ्यांना एकत्र आणायला घेतलंस, मला फार बरं वाटलं. मे महिन्यातल्या संमेलनाला माझं आणि यांचं येणं होणार नाही. लेक येणार आहे, तिचं एक माणूस धर. कुलवृत्तांताचा फॉर्म भरून सोबत पाठवते. घरटी वर्गणी आज पाठवली आहे. काका-काकूंना माझा नमस्कार सांग."

लिहून झाल्यावर तो मी भावाच्या नजरेने वाचला. कारण हे असलं काही तुमच्या एकट्या वाचणाऱ्यापाशी राहत नाही, पुढे जातंच. वादातल्या माणसाने हा मजकूर वाचला तर त्याला बोट ठेवायला कुठे जागा मिळेल, हे बघायचं आणि ती जागा काढून टाकायची. माझ्या पहिल्या खर्ड्यात होतं, "परिस्थिती तुला माहीतच आहे." हे वाक्य मी खोडलं. "तुला माहीतच आहे" म्हणजे वाद न काढता काढणं. तसंच "झालं गेलं मी विसरले आहे, तरी", "काही लोकांना आवडणार नाही", "माझ्याशिवाय आनंदात होऊ दे" ही वाक्यं. शेवटचं तर सरळ टोमणा आहे, लिहिणाऱ्याला ते समजत नाही इतकंच. वाक्याच्या शेवटी सोडलेली टिंबंसुद्धा काढा. न बोललेलं काहीतरी आहे, असं ती सांगतात.

माफीही मागू नका. "माफ कर, येता येत नाही" म्हटलं की समोरचा म्हणतो, "माफी कसली मागतेस, ये की." माफीने दार किलकिलं राहतं आणि आग्रह तिथून आत येतो. कौतुक, नमस्कार, लेकीची जबाबदारी, वर्गणी, फॉर्म: या पाच गोष्टींनी मजकुरात ऊब आली, तिथे माफीची गरज पडली नाही.

आग्रह

आपल्याकडे पहिला नकार हा नकार धरत नाहीत. दोन-तीनदा आग्रह करणं हा यजमानाचा धर्म आहे आणि त्याचा राग मानू नये. फक्त आग्रहाला प्रत्येक वेळी नवं कारण देऊ नका. "इतका प्रवास झेपत नाही" म्हटलंत तर गाडी पाठवतो म्हणतील. "गर्दी सोसत नाही" म्हटलंत तर शेजारच्या घरी खोली देतो म्हणतील. प्रत्येक कारण म्हणजे त्यांना सोडवायला दिलेली एक गाठ, आणि सगळ्या गाठी सुटल्या की मागे एकच उरते, जी तुम्हाला दाखवायची नव्हती. पहिल्या दिवशी जे वाक्य म्हटलं तेच तिसऱ्या दिवशी म्हणा, त्याच शब्दांत, त्याच आवाजात.

वहिनीचा फोन आला. "वन्सं, अजून तेच धरून बसलात का?" हा प्रश्न अवघड असतो, कारण 'हो' म्हटलं तरी वाद आणि 'नाही' म्हटलं तरी "मग या की." मी उत्तर दिलंच नाही. म्हटलं, "तो विषय वेगळा आहे, वहिनी, आज तो नको. लेक येतेय, तिला तुमच्या हातची घावनं फार आवडतात, तेवढी करून घाला." आणि थांबले. थांबणं शिकावं लागतं. शांतता झाली की आपण ती भरायला जातो आणि त्या भरण्यात जुनी वाक्यं बाहेर पडतात. वहिनी दोन क्षणांनी म्हणाली, "करते," आणि घावनांच्या तांदळावर बोलणं गेलं.

आत्याचा फोन जास्त कठीण गेला, कारण ती प्रेमाने बोलत होती. "अगो, तू ये. मी त्याला सांगते, सगळ्यांसमोर तुझी माफी मागेल तो." संमेलनात समेट करण्याचा हा बेत ज्येष्ठांना फार आवडतो, आणि मला तो धोक्याचा वाटतो. साठ माणसांसमोर माफी मागायला लावलेला माणूस मनातून आणखी दुखावतो. समोरच्यालाही "केली माफ" म्हणण्यावाचून मार्ग राहत नाही, आणि आठ दिवसांनी दोघांनाही आपण फसवले गेलो असं वाटतं. मी आत्याला म्हटलं, "आत्या, तुझ्या मनात आहे ते चांगलंच आहे. पण ते संमेलनात नको, आणि माझ्यासाठी त्याला काही सांगूही नकोस. कधी व्हायचं तर आम्हा दोघांत होऊ दे." ती थोडी रुसली. तिचा रुसवा मी सोसला, कारण तो वादाचा नव्हता.

फोनवर समोरचा मूळ भांडणावर घसरलाच आणि आवाज चढायला लागला, तर बाजू मांडायला जाऊ नका. "हे आपण फोनवर नको बोलूया, मी ठेवते," म्हणून ठेवा. उद्धटपणा वाटेल. तरी ठेवा.

पैसा आणि कागद

वर्गणीबद्दल मतभेद असतील, पण माझं मत असं आहे. आमच्याकडे घरटी 1,500 रुपये अभिषेक आणि पुस्तिकेचे होते, आणि माणशी 900 रुपये जेवणखाण-मुक्कामाचे. घरटी मी भरले, कारण ते घराण्याचं काम आहे आणि मी घराण्यातली आहे. माणशी फक्त लेकीचे भरले. एकूण 2,400. जास्त पाठवायचा मोह होतो, "निदान पैशाने तरी" असं वाटतं. तो आवरा. न येणाऱ्याने पाठवलेली मोठी रक्कम कुणाला ऐट वाटते, कुणाला भरपाई वाटते, आणि दोन्हींची चर्चा होते.

वाद जमिनीचा किंवा घराचा असेल तर आणखी थोडं. संमेलनाला न गेल्याने तुमच्या हिश्श्याला काहीही होत नाही. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क दिला आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली तो आणखी स्पष्ट केला. पंगतीतल्या हजेरीशी त्याचा संबंध नाही. पण नकाराच्या मजकुरात "मला तुमचं काही नको" किंवा "माझा वाटा मी सोडणार नाही" यातलं काहीही लिहू नका. पहिलं उद्या कुणी पुढे करू शकतं आणि दुसऱ्याने आजच आग लागते. "सगळे जमणारच आहेत तर एका कागदावर सह्या घेऊन टाकू" असा निरोप आला तर, "कागद पाठव, वाचून सांगते" एवढंच. स्थावर मालमत्तेचं हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं, ते पडवीत होत नाही. तरी साध्या कागदावरची सहीसुद्धा पुढे पुरावा म्हणून दाखवली जाऊ शकते, म्हणून लेकीच्या किंवा नवऱ्याच्या हातीही कसलाच सही केलेला कागद देऊ नका. प्रकरण कोर्टात असेल तर मजकूर पाठवण्याआधी आपल्या वकिलाला एकदा दाखवा.

घरातली माणसं

नवऱ्याने एकट्याने जावं का, हा प्रश्न आमच्याकडे निघाला. जावई एकटा आला की त्याचा मान राखला जातो आणि त्याच वेळी त्याला बाजूला घेऊन बोलायचा प्रयत्न होतो. त्यांनी न जायचं ठरवलं. दोघांचं उत्तर एकच असणं बरं.

लेक एकोणीस वर्षांची. तिला जायचं होतं, ती गेली. तिला मी भांडणाची कहाणी सांगून पाठवलं नाही, फक्त एक वाक्य दिलं: कुणी काही विचारलं तर "ते आईला विचारा." तिने निरोप न्यायचे नाहीत, आणायचेही नाहीत. मूल लहान असेल, त्याला हे वाक्य पेलणार नसेल, तर एकट्याला पाठवू नये असं मला वाटतं.

तो दिवस आणि नंतरचे दिवस

शनिवारी सकाळी, माणसं यायच्या आधी, आईला फोन केला. दोन मिनिटं. मग दोन दिवस गावाकडे फोन केला नाही. मध्येच फोन आला की तो हातोहात फिरतो आणि नको त्या हातात जातो. "व्हिडिओ कॉलवर ये, सगळे आहेत" असं होण्याची शक्यता असते, म्हणून रविवारी दुपारी फोन दुसऱ्या खोलीत ठेवला.

सोमवारी ग्रुपवर तीनशे फोटो आले. सगळ्यांच्या फोटोत भाऊ आईच्या खुर्चीमागे उभा होता. मी बराच वेळ तो फोटो बघत बसले. तसं होईल, त्याची तयारी ठेवा. ग्रुपवर लिहिलं, "पुस्तिका फार सुंदर झाली आहे. काकांचं बोलणं ऐकलं, आवडलं." एका नेमक्या गोष्टीबद्दल एक वाक्य. लेक परत आली तेव्हा तिला घावनं आणि भावंडांबद्दल विचारलं. माझ्याबद्दल कोण काय म्हणालं हे विचारलं नाही. ते विचारणं म्हणजे संमेलनात जे झालं नाही ते आपल्या स्वयंपाकघरात करणं.

काही ठिकाणी यातलं काही लागू होत नाही. वडीलधाऱ्याचं शेवटचं दुखणं, दहावं-बारावं, हे संमेलन नव्हे. तिथे गैरहजेरी पुढे कितीही वर्षं बोलली जाते आणि तुम्हालाही ती सलत राहते. जमत असेल तर तिथे थोडा वेळ जाऊन या, आणि येताजाता सोबतीला एक विश्वासाचं माणूस ठेवा.

ठरल्याप्रमाणे 4 जूनला मी संगमेश्वर रोडला उतरले. पहिल्या पावसाने वाट ओली होती. आईने पुस्तिका माझ्यासाठी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवली होती. आमच्या घराच्या पानावर बाबांच्या नावाखाली भावाचं नाव होतं, त्याखाली माझं, लग्नानंतरच्या नावासकट, बरोबर लिहिलेलं. आईने चार दिवसांत संमेलनाबद्दल खूप सांगितलं. जेवायला काय होतं, काका बोलताना कुठे अडखळले, कुणाची नातवंडं किती उंच झाली. निघताना तिने आमसुलं बांधून दिली आणि विचारलं, "गणपतीत येशील?" मी म्हटलं, "गौरीला माझं येणं होणार नाही, आई. विसर्जन झाल्यावर येते, आठ दिवसांसाठी." तिने कॅलेंडर काढलं आणि त्या रविवारवर पेनने खूण केली.